पात्रतेच्या अटींचे प्रश्न: ‘निवड नाही’ आणि ‘माहिती अपुरी’ यांतला फरक कसा ओळखायचा

बँक भरतीच्या बुद्धिमापन चाचणीत एक प्रकार असा येतो की त्यात आकडेमोड जवळजवळ नसते, कोडंही नसतं. एका पदाची छापील जाहिरात असते, त्यात चार-पाच अटी असतात, त्याखाली एक-दोन सवलती असतात आणि मग एकेका उमेदवाराची माहिती देऊन विचारलेलं असतं, याचं काय करायचं? निवडायचा, नाकारायचा, वरिष्ठांकडे पाठवायचा, की माहिती अपुरी आहे म्हणून सोडायचा? बहुतेक वेळा एकाच जाहिरातीवर पाच उमेदवारांचा गट असतो, त्यामुळे जाहिरात एकदा नीट वाचली की पाच गुण हाताशी येतात. ती चुकीची वाचली तर तेच पाच धोक्यात येतात, शिवाय चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो तो वेगळाच.

नवीन मुलं हा प्रकार सोपा समजतात आणि उत्तरपत्रिका हातात आली की पाचांपैकी दोन चुकलेले असतात. हे दोन जवळजवळ नेहमी एकाच जागी चुकतात. जिथे उत्तर ‘निवड नाही’ असतं तिथे त्यांनी ‘माहिती अपुरी’ लिहिलेलं असतं, किंवा नेमकं उलटं. त्यामुळे इथे बाकीचं सगळं आवश्यक तेवढंच सांगून मी याच फरकावर जास्त वेळ घालवणार आहे.

आधी सरावासाठी एक जाहिरात घेऊ. लेख संपेपर्यंत हीच वापरायची आहे, म्हणून कागदावर उतरवून घ्या.

जाहिरात

एका बँकेत अधिकारी पदासाठी उमेदवाराने पुढील अटी पूर्ण केल्या पाहिजेत. सर्व तारखा १ जुलै २०२४ या दिवसाच्या संदर्भात पाहाव्यात.

(१) कोणत्याही शाखेची पदवी किमान ५५ टक्के गुणांसह.
(२) वय २१ वर्षांपेक्षा कमी नसावे आणि ३० वर्षांपेक्षा जास्त नसावे.
(३) लेखी परीक्षेत किमान ६० टक्के गुण.
(४) मुलाखतीत किमान ५० टक्के गुण.
(५) बँकेत किंवा वित्तीय संस्थेत किमान २ वर्षे कामाचा अनुभव.

मात्र उमेदवार,
(अ) अट (१) सोडून बाकी सर्व अटी पूर्ण करत असेल आणि पदव्युत्तर पदवीत त्याला किमान ६० टक्के गुण असतील, तर प्रकरण महाव्यवस्थापकांकडे पाठवावे.
(आ) अट (५) सोडून बाकी सर्व अटी पूर्ण करत असेल, त्याला बँकेतला किमान १ वर्षाचा अनुभव असेल आणि त्याच्याकडे संगणकाची पदविका असेल, तर प्रकरण अध्यक्षांकडे पाठवावे.

उत्तराचे पर्याय पाच: निवड करावी; निवड करू नये; माहिती अपुरी; महाव्यवस्थापकांकडे पाठवावे; अध्यक्षांकडे पाठवावे. आणि वर नेहमीची सूचना: दिलेल्या माहितीखेरीज काहीही गृहीत धरू नये.

ही शेवटची सूचना मुलं वाचतच नाहीत, कारण ती प्रत्येक संचात असते. पण सगळा प्रकार तिच्यावरच उभा आहे. ‘सगळ्यांकडे असतंच’, ‘इतके गुण आहेत म्हणजे हेही असेल’ असलं काहीही या प्रश्नात चालत नाही.

पहिली पायरी: पट्टी तयार करा

कच्च्या कामाच्या जागेत पाच अटींची एक आडवी पट्टी करा. पूर्ण वाक्यं लिहू नका, एक अक्षर आणि एक आकडा पुरतो: प ५५, व, ले ६०, मु ५०, अनु २. ज्या अटीला सवलत आहे तिच्या खाली ती सवलत टांगा. म्हणजे ‘प ५५’च्या खाली ‘पप ६० – म.व्य.’ आणि ‘अनु २’च्या खाली ‘१ वर्ष बँक + पदविका – अध्यक्ष’. बाकी तीन अटींच्या खाली काही नाही, तिथे एक आडवी रेघ मारून ठेवा. ही रेघ फार कामाची आहे. तिचा अर्थ असा की या तीन अटींपैकी एकही मोडली, तर उमेदवाराला दुसरा रस्ता नाही.

वयाच्या जागी आकडा लिहू नका, जन्मतारखा लिहा. पाच उमेदवारांचं वय पाच वेळा काढण्यापेक्षा एकदाच हद्द ठरवलेली बरी. १ जुलै २०२४ ला २१ पूर्ण हवीत, म्हणजे जन्म १ जुलै २००३ किंवा त्याआधीचा. ३० पेक्षा जास्त नको, म्हणजे जन्म १ जुलै १९९४ किंवा त्यानंतरचा. पट्टीवर लिहा: १/७/९४ ते १/७/०३. यानंतर प्रत्येक उमेदवाराची जन्मतारीख या दोन तारखांच्या मध्ये आहे की नाही एवढंच बघायचं.

खऱ्या भरतीचा अर्ज भरताना मात्र टोकाच्या दिवसाचा हिशोब स्वतः करू नका. बँकांच्या सामाईक भरतीच्या जाहिरातीत वयासोबत जन्मतारखाही छापलेल्या असतात आणि तिथे वरची हद्द एका दिवसाने सरकलेली दिसते. २०२४ च्या परिविक्षाधीन अधिकारी भरतीत १ ऑगस्टला कमाल वय ३० होतं आणि जन्म २ ऑगस्ट १९९४ च्या आधीचा नसावा असं लिहिलं होतं. अर्ज करताना छापील तारीखच धरायची. चाचणीतल्या प्रश्नात अशी तारीख दिलेली नसते, म्हणून तिथे अटीतल्या शब्दांवर चालायचं. त्या दिवशी बरोबर ३० पूर्ण झाली तर ती ‘३० पेक्षा जास्त’ नाहीत.

टोकाच्या आकड्यांचा प्रश्न गुणांतही येतो. ‘किमान ६०’ म्हटलं की ६० चालतात. ‘६० पेक्षा जास्त’ म्हटलं की ६० चालत नाहीत. प्रश्न काढणारा हे मुद्दाम करतो, एखाद्या उमेदवाराला नेमके हद्दीवरचे गुण देतो. म्हणून पट्टी करतानाच ‘पेक्षा जास्त’ असलेल्या आकड्याभोवती वर्तुळ काढायची सवय लावा. आपल्या जाहिरातीत गुणांची अशी अट नाही, पण पुढच्या संचात असेल.

दुसरी पायरी: उमेदवार वाचताना खुणा

उमेदवाराची माहिती वाचताना पट्टीखाली एक ओळ करायची. अट पूर्ण झाली तर बरोबरची खूण, मोडली तर फुली, माहितीच नसेल तर प्रश्नचिन्ह. खुणा या तीनच. हे प्रश्नचिन्ह वेगळं लिहिण्यावरच सगळं ठरतं. घाईत वाचणारा मुलगा ‘दिसलं नाही’ याला फुली मारतो आणि तिथेच उत्तर जातं.

माहिती जाहिरातीच्या क्रमाने येत नाही, मुलाखतीचे गुण आधी आणि पदवी शेवटी असू शकते. म्हणून वाचता वाचता त्या त्या खान्यात खूण करत जायचं, पुन्हा पुन्हा वर-खाली बघायचं नाही. आणि सवलतीचा खाना सुरुवातीला रिकामाच ठेवायचा. वरच्या अटीवर फुली आली, तरच खाली उतरायचं.

हे शेवटचं वाक्य का महत्त्वाचं आहे ते पहिल्याच उमेदवारात दिसेल.

उमेदवार क. जन्म १२ मार्च १९९७. वाणिज्य शाखेची पदवी ५८ टक्के, पदव्युत्तर पदवी ६५ टक्के. लेखी परीक्षेत ६०, मुलाखतीत ५४ टक्के. जून २०२१ पासून एका सहकारी बँकेत लिपिक.

जन्मतारीख हद्दीत आहे. पदवी ५८, बरोबर. लेखी ६०, किमान ६० हवेत, बरोबर. मुलाखत बरोबर. अनुभव तीन वर्षांच्या आसपास, बरोबर. पाचही खुणा बरोबरच्या, म्हणजे निवड करावी. पण पदव्युत्तर ६५ टक्के दिसले की अनेकांना सवलत (अ) आठवते आणि ते महाव्यवस्थापकांकडे पाठवून मोकळे होतात. सवलत ही अट मोडणाऱ्यासाठी आहे. ज्याने अट पूर्ण केली त्याला तिची गरजच नाही, मग त्याच्याकडे पदव्युत्तर पदवी असो वा नसो. ‘लिपिक’ या शब्दावरही काहीजण अडखळतात. अटीत अनुभव कोणत्या पदावरचा हवा ते लिहिलेलं नाही, म्हणून तो प्रश्न आपण विचारायचा नाही. जाहिरातीत ‘अधिकारी म्हणून’ किंवा ‘पदवीनंतरचा’ असं लिहिलं असतं, तर विचारायला हवा होता.

तिसरी पायरी: दोन उमेदवारांची कसोटी

आता मुख्य मुद्दा. ओळीत एक प्रश्नचिन्ह आहे. उत्तर लगेच ‘माहिती अपुरी’ होतं का? नाही. माहिती नसणं ही एक गोष्ट आणि ती नसल्यामुळे निर्णय अडणं ही दुसरी. ‘माहिती अपुरी’ हे उत्तर फक्त दुसऱ्या परिस्थितीचं आहे.

हे तपासायला एक खात्रीची रीत आहे. जी माहिती दिलेली नाही, तिच्या जागी मनातल्या मनात दोन वेगवेगळे आकडे भरा, एक उमेदवाराच्या बाजूचा आणि एक विरुद्ध. मग दोन्ही उमेदवारांचा निर्णय काढा. दोन्ही निर्णय सारखे आले, तर ती माहिती नसली तरी चालते, तोच निर्णय उत्तर. निर्णय वेगळे आले, तरच माहिती अपुरी.

उमेदवार ख. मार्च २०२१ मध्ये वयाची २७ वर्षे पूर्ण केली. विज्ञान शाखेची पदवी ७२ टक्के. लेखी परीक्षेत ८१, मुलाखतीत ७६ टक्के. एका वित्तीय संस्थेत नोकरी.

गुण इतके घसघशीत आहेत की डोळा तिथेच खिळतो. पदवी, लेखी, मुलाखत, तिन्ही बरोबर. अनुभव किती वर्षांचा ते सांगितलेलं नाही, म्हणून तिथे प्रश्नचिन्ह. आणि वर्गातले निम्मे हात ‘माहिती अपुरी’साठी वर जातात. पण वयाचा खाना भरा. मार्च २०२१ मध्ये २७ पूर्ण, म्हणजे जन्म मार्च १९९४ चा. हद्द १ जुलै १९९४ पासून सुरू होते. तो तीन महिने बाहेर आहे, आणि वयाच्या खाली आपण रेघ मारून ठेवली आहे, तिथे सवलत नाही.

कसोटी लावा. अनुभव पाच वर्षांचा धरला तरी वयामुळे निवड नाही. सहा महिन्यांचा धरला तरी निवड नाही. निर्णय एकच, म्हणून उत्तर ‘निवड करू नये’. प्रश्नचिन्ह होतं, पण त्यावर काही अवलंबून नव्हतं.

इथे वय सरळ न देता ‘अमुक महिन्यात इतकी पूर्ण केली’ असं का दिलं असतं, ते लक्षात घ्या. घाईत वाचणारा २७ हाच आकडा उचलतो आणि २१ ते ३० मध्ये बसवून टाकतो. ज्या तारखेला वय मोजलंय ती आणि ज्या तारखेला हवंय ती, या दोन तारखा वेगळ्या आहेत. पट्टीवर जन्मतारखांची हद्द असेल, तर ही चूक होऊच शकत नाही, कारण तुम्हाला जन्मवर्ष काढावंच लागतं.

उमेदवार घ. जन्म ८ ऑगस्ट १९९५. पदवी ६१ टक्के. लेखी ६४, मुलाखत ५० टक्के. गेली तीन वर्षे नोकरी करत आहे.

चार खाने बरोबर, मुलाखतीचे ५०सुद्धा, कारण किमान ५० आहेत. नोकरी तीन वर्षांची आहे, पण कुठे? बँकेत धरली तर निवड. कापडाच्या गिरणीत धरली तर अट (५) मोडते आणि बँकेतला एक वर्षाचा अनुभवही नाही, म्हणून सवलत (आ) लागू होत नाही, निवड नाही. निर्णय दोन आले. उत्तर ‘माहिती अपुरी’. ‘बँकेच्या पदासाठी अर्ज केलाय म्हणजे बँकेतच असेल’ हा विचार स्वाभाविक आहे, पण सूचनेने तोच बंद केला आहे.

आता थोडा अवघड नमुना बघू, कारण चांगला प्रश्न काढणारा माहिती गायब करत नाही, ती दुसऱ्या रूपात देतो.

उमेदवार छ. जन्म, पदवी, अनुभव तिन्ही हद्दीत. लेखी परीक्षा व मुलाखत मिळून ६४ टक्के गुण.

एकूण ६४, लेखीला ६० हवेत, मुलाखतीला ५०. वाटतं की झालंच की. कागदावर मांडून बघा. समजा लेखी २०० गुणांची आणि मुलाखत ५० ची. एकूण २५० चे ६४ टक्के म्हणजे १६०. एका उमेदवाराला लेखीत १३० आणि मुलाखतीत ३० मिळाले, म्हणजे ६५ आणि ६० टक्के, दोन्ही अटी पूर्ण. दुसऱ्याला लेखीत १४० आणि मुलाखतीत २० मिळाले, म्हणजे ७० आणि ४० टक्के, मुलाखतीची अट मोडली. दोघांचे एकूण गुण तेच. उत्तर ‘माहिती अपुरी’. हेच वाक्य ‘लेखी व मुलाखत यांत प्रत्येकी ६४ टक्के’ असं असतं, तर निवड झाली असती. ‘मिळून’, ‘सरासरी’, ‘प्रत्येकी’ हे शब्द दिसले की पेन थांबवा.

चौथी पायरी: सवलत कुणाला लागते

सवलतीचं वाक्य पुन्हा वाचा. ‘अट (१) सोडून बाकी सर्व अटी पूर्ण करत असेल.’ यातला ‘बाकी सर्व’ हा भाग निम्म्या चुकांचं मूळ आहे.

उमेदवार ङ. नोव्हेंबर २०२३ मध्ये २४ वर्षे पूर्ण. पदवीत ६०० पैकी ३१८ गुण, पदव्युत्तर पदवी ६० टक्के. लेखी परीक्षेत २०० पैकी १२४, मुलाखतीत ५७ टक्के. डिसेंबर २०२१ पासून वित्तीय संस्थेत.

आधी आकडे टक्क्यांत आणा. ३१८ म्हणजे ५३ टक्के, पदवीवर फुली. १२४ म्हणजे ६२ टक्के, बरोबर. जन्म नोव्हेंबर १९९९, बरोबर. अनुभव अडीच वर्षं, बरोबर. फुली एकच आणि तिच्या खाली सवलत आहे, म्हणून आता खाली उतरायचं. पदव्युत्तर ६०, किमान ६० हवेत. प्रकरण महाव्यवस्थापकांकडे.

उमेदवार ग. जन्म ५ सप्टेंबर १९९९. पदवी ५२ टक्के, पदव्युत्तर ६३ टक्के. लेखी ६६, मुलाखत ५१ टक्के. जानेवारी २०२३ पासून बँकेत नोकरी. संगणकाची पदविका आहे.

इथे पदवीवर फुली आणि अनुभवावरही फुली, कारण जानेवारी २०२३ पासून जुलै २०२४ पर्यंत दीड वर्षाच्या आसपासच होतं. दोन्ही फुल्यांखाली सवलत आहे. दोन्ही सवलतींचे निकषही उमेदवार पूर्ण करतो, पदव्युत्तर ६३ आहेत, बँकेतलं एक वर्ष आहे, पदविकाही आहे. मुलं विचारतात, मग महाव्यवस्थापक की अध्यक्ष? दोघांपैकी कुणीही नाही. सवलत (अ) मागते की अट (५) पूर्ण असावी, ती नाही. सवलत (आ) मागते की अट (१) पूर्ण असावी, तीही नाही. दोन्ही दरवाजे बंद, निवड करू नये.

म्हणून एक पक्कं धोरण ठेवा. ओळीत दोन फुल्या दिसल्या की सवलतीकडे बघायचंच नाही, थेट ‘निवड करू नये’. याला अपवाद एकच. काही जाहिरातींत सवलत अशी लिहिलेली असते: ‘अट (१) व (५) सोडून बाकी सर्व’. तसं असेल तर ती दोन फुल्यांचीच सवलत आहे आणि ती पट्टीवर दोन्ही खान्यांना जोडून लिहावी लागते. पट्टी करताना ‘सोडून’ या शब्दाच्या आधी किती क्रमांक आहेत ते मोजलं की झालं.

सवलतीचे निकष एकापेक्षा जास्त असतील, तर ते सगळे लागतात. (आ) मध्ये एक वर्षाचा अनुभवही हवा आणि पदविकाही हवी. एकाने काम भागत नाही.

जिथे उत्तरसूच्याही भांडतात

आता तो उमेदवार, ज्यावर अभ्यासिकेत तासभर वाद चालतो.

उमेदवार च. जन्म २० फेब्रुवारी १९९८. पदवी ६४ टक्के. लेखी ७१, मुलाखत ६० टक्के. फेब्रुवारी २०२३ पासून बँकेत नोकरी.

अनुभव दोन वर्षांपेक्षा कमी आहे, फुली. बाकी चार बरोबर. सवलत (आ) खाली उतरलो, तर बँकेतलं एक वर्ष पूर्ण आहे, पण संगणकाच्या पदविकेबद्दल एक अक्षरही नाही.

एक बाजू म्हणते, पदविका असती तर सांगितली असती, म्हणून नाकारा. दुसरी म्हणते, सांगितलेली नाही म्हणजे नाही असं नव्हे. सराव पुस्तकांच्या उत्तरसूचींतही इथे एकवाक्यता नसते, त्यामुळे मुलांचा गोंधळ समजू शकतो. माझं मत स्पष्ट आहे. कसोटी लावा. पदविका आहे असं धरलं, तर प्रकरण अध्यक्षांकडे जातं. नाही असं धरलं, तर निवड नाही. दोन निर्णय, म्हणून ‘माहिती अपुरी’. ‘असती तर सांगितली असती’ हे गृहीतक आहे आणि सूचना गृहीतकाला मनाई करते. जी सूचना उमेदवार घ च्या वेळी नोकरी बँकेतच आहे असं धरू देत नाही, ती इथे पदविका नाहीच असं धरू देणार नाही.

याच उमेदवाराच्या माहितीत एक बदल करून बघा. मुलाखत ६० ऐवजी ४६ टक्के. आता पदविका असो वा नसो, मुलाखतीच्या फुलीला सवलत नाही. निर्णय एकच, निवड करू नये. म्हणजे ‘माहिती अपुरी’ लिहिण्याआधी प्रत्येक वेळी पूर्ण ओळीवर नजर टाकायची आणि रेघ असलेल्या खान्यांत कुठे फुली नाही ना ते बघायचं. मी तर सांगतो, वाचायलाच रेघेच्या खान्यांपासून सुरुवात करा: वय, लेखी, मुलाखत. तिथे फुली मिळाली की उमेदवार संपला, बाकी माहिती वाचायची गरज नाही. पाचपैकी एखादा उमेदवार असा दहा सेकंदांत निकाली निघतो आणि तो वेळ छ सारख्याला देता येतो.

‘आहे, पण किती ते माहीत नाही’ या नमुन्यातही हीच कसोटी चालते. ‘पदवीधर आहे’ एवढंच लिहिलंय आणि टक्के नाहीत, पदव्युत्तरला ६८ आहेत, बाकी चार अटी पूर्ण. टक्के ५५ वर असतील तर निवड, खाली असतील तर महाव्यवस्थापक. दोन्ही निर्णय उमेदवाराच्या बाजूचे वाटतात, म्हणून काहीजण ‘निवड’ लिहून टाकतात. पण ते दोन वेगळे पर्याय आहेत, म्हणून उत्तर ‘माहिती अपुरी’च.

सराव कसा करायचा

पहिले काही संच घड्याळाशिवाय सोडवा आणि प्रत्येक उमेदवारासमोर नुसता पर्याय लिहू नका, ज्या खान्यामुळे निर्णय झाला तो खानाही लिहा. ‘निवड करू नये – वय’, ‘अपुरी – नोकरी कुठे’, ‘म.व्य. – प ५३, पप ६०’ असं. चुकलेल्या उत्तराशेजारी मग चुकीची जात लिहायची: हद्दीचा आकडा चुकला, तारीख चुकली, प्रश्नचिन्हाची फुली झाली, की सवलत चुकीच्या माणसाला दिली. काही संचांनंतर तुमची स्वतःची एकच जात पुन्हा पुन्हा येताना दिसेल. तारखा चुकत असतील, तर नुसत्या तारखांचा सराव करा: ‘ऑक्टोबर २०१९ ला २४ पूर्ण, १ जुलै २०२४ ला किती’ अशी दहा-बारा उदाहरणं रोज. सवलत चुकत असेल, तर अटी तशाच ठेवून सवलतीचं वाक्य स्वतः बदला आणि तेच उमेदवार पुन्हा सोडवा. ‘अट (५) सोडून’ ऐवजी ‘अट (१) व (५) सोडून’ केलं की उमेदवार ग चं काय होतं, ते लिहून बघा.

घड्याळ नंतर लावा. बँकांच्या सामाईक भरतीच्या पूर्वपरीक्षेत बुद्धिमापनाच्या ३५ प्रश्नांना २० मिनिटं असतात, म्हणजे प्रश्नाला अर्ध्या मिनिटाहून थोडं जास्त. पट्टी करायला एक मिनिट जाईल आणि तेवढं जाऊ द्यावं. घाईने केलेल्या पट्टीत ‘किमान’ आणि ‘पेक्षा जास्त’ एकसारखे दिसतात आणि मग पाचही उमेदवार त्याच चुकीवर तपासले जातात. पट्टी नीट झाली असेल, तर उमेदवारामागे अर्धं मिनिट पुरतं. एखाद्या उमेदवारावर मिनिटाहून जास्त गेलं आणि दोन पर्यायांत अडकलात, तर दोन आकडे भरून कसोटी एकदाच लावा, जो निर्णय येईल तो लिहा आणि पुढच्या उमेदवाराची ओळ सुरू करा.